एनर्जी बारच्या वेष्टनावर साखर कशी शोधावी?



मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणी घाटाकडची भातखाचरे. मधल्या पिरंगुट-पौडच्या पट्ट्यात ही दोन्ही जगे पुष्कळदा एकाच घरात नांदतात. मुलगा किंवा सून कंपनीतून घरी येते, ती आईवडिलांसाठी काहीतरी हातात घेऊनच. पूर्वी हा खाऊ लोणावळ्याच्या चिक्कीचा असे. आता बहुतेक वेळा तो चकचकीत वेष्टनातला एनर्जी बार किंवा ग्रॅनोला बार असतो. त्यावर ओट्सचे चित्र असते, मधाचा थेंब असतो, आणि ‘प्रोटीन’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. देणाऱ्याची भावना अशी, की चिक्की गोड म्हणून आईला वर्ज्य, पण हे पौष्टिक आहे, हे चालेल.

ते चालेल की नाही, याचे उत्तर वेष्टनाच्या पुढच्या बाजूवर नसते. ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, दोन ठिकाणी विभागून छापलेले असते. ही दोन ठिकाणे एकत्र कशी वाचावीत, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

बार चिकटतो कशाने?

आपल्यापैकी अनेकांनी घरी चिक्की केली असेल. शेंगदाणे भाजून सोलून ठेवले, तरी ते आपोआप एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांना धरून ठेवतो तो गुळाचा पाक. पाण्यात थेंब टाकून तो कडक होतो का, हे पाहिले जाते, आणि मगच दाणे त्यात पडतात. पाक कमी पडला तर चिक्की भुगा होते. म्हणजे चिक्कीत गूळ चवीपुरता नसतो. तिचा आकारच त्याच्यावर उभा असतो.

बारचेही तसेच आहे. ओट्स, दाणे, बिया, कुरमुऱ्यासारखे फुलवलेले धान्य हे सारे कोरडे आणि सुटे पदार्थ आहेत. त्यांना वडीच्या आकारात धरण्यासाठी काहीतरी चिकट द्रव लागतो, आणि तो बारच्या वजनाचा बराच मोठा भाग असतो. चिक्की आणि बार यांत फरक एवढाच, की चिक्की कडक हवी असते आणि बार मऊ, चावता येण्याजोगा. नुसत्या साखरेचा पाक मऊ ठेवला तर काही दिवसांत त्यात साखरेचे कण पुन्हा जमतात आणि वडी खरखरीत होते. म्हणून कारखान्यात असे पाक वापरतात, जे घट्ट राहतात पण साखरेच्या कणांत परत जात नाहीत. त्यातला सर्वांत प्रचलित म्हणजे लिक्विड ग्लुकोज, ज्याला ग्लुकोज सिरप असेही म्हणतात. मक्यासारख्या पिष्टमय पदार्थातील स्टार्च तोडून तो तयार करतात.

याच कामासाठी मध, गुळाचा पाक, इन्व्हर्ट सिरप, ब्राऊन राइस सिरप आणि खजुराची पेस्ट वापरतात. यातील ब्राऊन राइस सिरप हे नाव विशेष फसवे आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हातसडीचा तांदूळ येतो. प्रत्यक्षात तांदळातील स्टार्च विकरांनी तोडून, कोंडा आणि चोथा गाळून उरलेला तो गोड पाक असतो. त्यात तांदळाचे तंतू जवळजवळ राहिलेले नसतात.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. बार हातात घेतला, की ‘यात गोड आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘याला चिकटवले कशाने आहे?’ असे विचारावे. चिकटवणारा पदार्थ सापडला, की साखर बहुधा सापडतेच.

घटकांची यादी: क्रम आणि फाळणी

आपल्या देशातील नियमांनुसार घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. सर्वांत अधिक वजनाचा पदार्थ पहिला, सर्वांत कमी वजनाचा शेवटी. हा नियम चांगला आहे, पण त्यात एक पळवाट आहे. गोडवा एकाच पदार्थाने आणला तर तो यादीत पहिल्या क्रमांकावर येईल. तोच गोडवा तीन-चार पदार्थांत वाटून टाकला, तर प्रत्येकाचे वजन कमी भरते आणि ओट्स निमूटपणे पहिल्या जागी जाऊन बसतात.

हे समजण्यासाठी मी एक नमुना-लेबल रचले आहे. ते कोणत्याही कंपनीचे नाही, पण बाजारात मिळणाऱ्या बारची घडण साधारण अशीच असते. बारचे वजन ४० ग्रॅम आहे. घटक असे: रोल्ड ओट्स (३० टक्के), लिक्विड ग्लुकोज, खजूर, शेंगदाणे, गूळ, मध (६ टक्के), सोया प्रोटीन, वनस्पती तेल, इमल्सिफायर, मीठ.

पुढच्या बाजूवर ओट्स आणि मध यांचे चित्र असल्याने त्या दोघांचीच टक्केवारी दिलेली आहे. इतरांची नाही. तरीही क्रमावरून आपल्याला बरेच काही कळते. लिक्विड ग्लुकोज, खजूर आणि गूळ हे तिघेही मधाच्या आधी आहेत, म्हणजे प्रत्येकाचे प्रमाण निदान ६ टक्के तरी आहेच. मध धरून हे चार गोड पदार्थ कमीत कमी २४ टक्के झाले. हा झाला अगदी तळचा अंदाज. नमुना रचताना मी लिक्विड ग्लुकोज १६, खजूर १४, गूळ १० आणि मध ६ टक्के धरला आहे. बेरीज ४६ टक्के. म्हणजे यादीत पहिला मान ओट्सचा असला, तरी वडीतला सर्वांत मोठा वाटा गोड पदार्थांचाच आहे.

म्हणून यादी वाचताना बोटाने गोड नावे मोजत जावे. पहिल्या पाच-सहा नावांत दोनपेक्षा अधिक गोड नावे आली, तर तो बार पौष्टिक खाद्यापेक्षा मिठाईच्या जवळचा समजावा. गूळ आणि मध यांना आपल्याकडे मान आहे, पण मधुमेहाच्या हिशेबात त्यांना साखरेपासून वेगळे काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातही मध आणि सर्व प्रकारचे पाक हे मर्यादित ठेवायच्या साखरेतच गणले आहेत.

तक्ता: तीन आकडे आणि एक गुणाकार

आता दुसरे ठिकाण, पोषणमूल्यांचा तक्ता. तो बहुतेक वेष्टनांवर इंग्रजीत असतो आणि अक्षरे अतिशय बारीक असतात. मोबाइलने त्याचा फोटो काढून तो मोठा करून पाहावा. चष्मा लावून डोळे ताणण्यापेक्षा हे सोपे पडते. आपल्या नमुना-बारचा तक्ता दर १०० ग्रॅमला असा आहे: ऊर्जा ३९० किलोकॅलरी, प्रोटीन १२ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ६० ग्रॅम, त्यापैकी टोटल शुगर्स २८ ग्रॅम आणि अॅडेड शुगर्स १८ ग्रॅम, फॅट १२ ग्रॅम.

प्रथम हे आकडे कशाचे आहेत ते पाहावे. वरचे आकडे १०० ग्रॅमचे आहेत आणि आपण खातो ४० ग्रॅम. म्हणून प्रत्येक आकड्याला बारच्या वजनाने गुणून १०० ने भागावे. २८ गुणिले ४० भागिले १०० म्हणजे सुमारे ११ ग्रॅम साखर. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर धरली, तर एका बारमध्ये दोन चमचे आणि वर थोडी. काही तक्त्यांत ‘पर सर्व्ह’ असा दुसरा रकाना असतो. तेव्हा एक ‘सर्व्ह’ म्हणजे किती ग्रॅम, ते शोधावे. तो आकडा कधीकधी अर्ध्या बारचा असतो, आणि अर्धा बार खाऊन उरलेला ठेवून देणारे लोक मी फारसे पाहिलेले नाहीत.

मग टोटल शुगर्स आणि अॅडेड शुगर्स यांतील फरक पाहावा. अॅडेड म्हणजे वरून घातलेली साखर आणि पाक. टोटल म्हणजे ती धरून फळे, दूध यांतून आलेलीही साखर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मधासकट वरून घातलेल्या साखरेविषयी आहे. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून ती कमी असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. दोन हजार किलोकॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. पण आपल्यातले ज्येष्ठ पुष्कळदा १४००-१५०० किलोकॅलरीच खातात, तेव्हा त्यांच्यासाठी हा आकडा १८ ग्रॅमच्या आसपास येतो. दिवसातून तीन वेळा चहात एकेक चमचा साखर घेणाऱ्याची ती मर्यादा चहातच जवळजवळ संपते. आपल्या नमुना-बारमधील वरून घातलेली साखर, १८ गुणिले ४० भागिले १००, म्हणजे ७ ग्रॅम, ही त्यानंतरची भर आहे.

तिसरा आकडा कार्बोहायड्रेटचा. पुष्कळ मधुमेही तो वाचतच नाहीत, आणि सर्वांत अधिक फसगत येथेच होते. तक्त्यातील ‘शुगर्स’ या शब्दात फक्त लहान रेणूंच्या साखरा येतात: ग्लुकोज, फ्रुक्टोज, साखर, माल्टोज आणि दुधातली साखर. लिक्विड ग्लुकोजमध्ये मात्र ग्लुकोजच्या लांब साखळ्याही मोठ्या प्रमाणात असतात. त्या साखळ्या कायद्याच्या व्याख्येत साखर नाहीत, म्हणून ‘शुगर्स’च्या ओळीत त्यांची नोंद होत नाही. आतड्यात गेल्यावर मात्र त्या झपाट्याने तुटतात आणि रक्तात ग्लुकोज म्हणूनच पोहोचतात. माल्टोडेक्स्ट्रिन या नावाची पांढरी भुकटी हा याच जातीचा पदार्थ आहे. तिला गोडी जवळजवळ नसते, तक्त्यात ती साखर म्हणून दिसत नाही, आणि रक्तातील साखर मात्र ती जवळजवळ ग्लुकोजच्याच वेगाने वाढवते.

म्हणून ज्या बारमध्ये साखरेचा आकडा कमी आणि घटकांत लिक्विड ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या क्रमांकावर आहे, तेथे साखरेच्या ओळीवर विसंबू नये. कार्बोहायड्रेटचा आकडा घ्यावा. आपल्या नमुन्यात ६० गुणिले ४० भागिले १०० म्हणजे २४ ग्रॅम. साधारण एका मध्यम पोळीत असते तेवढे हे कर्बोदक झाले. फरक इतकाच, की पोळी कोणी ‘औषधाबरोबर सहज’ म्हणून खात नाही. तिचा हिशेब जेवणात धरला जातो, आणि बारचा धरला जात नाही.

खजूर: साखर घातलेली नाही, पण आहे

अलीकडे असे बार पुष्कळ मिळतात, ज्यात कोणताही पाक नसतो. खजूर वाटून त्याच्या चिकटपणावरच दाणे आणि बिया बांधलेल्या असतात. आपल्या घरचे खजुराचे लाडू असेच होतात. पाकाच्या बारपेक्षा हा प्रकार निश्चितच बरा, कारण खजुरात तंतू असतात आणि घटकांची यादी छोटी, ओळखीची असते. पण येथे ‘साखर घातलेली नाही’ हे शब्द वाचून मधुमेही माणूस निर्धास्त होतो, आणि ते योग्य नाही.

खजुराच्या गराच्या वजनात सुमारे दोनतृतीयांश भाग साखरच असतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या रूपात. चाळीस ग्रॅमच्या बारमध्ये निम्म्याहून थोडा अधिक, म्हणजे २२ ग्रॅम खजूर असेल, तर त्यातून सुमारे १४ ग्रॅम साखर येते. जवळजवळ तीन चमचे. तक्त्यात अॅडेड शुगर्सपुढे शून्य छापलेले असेल आणि ते खोटेही नसेल. मात्र टोटल शुगर्सपुढे ३५ किंवा ३६ असेल. मधुमेह असलेल्याने या दोन ओळींपैकी टोटलचीच ओळ आपली मानावी. रक्तात पोहोचलेले ग्लुकोज खजुरातून आले की साखरेच्या डब्यातून, याचा भेद शरीर करीत नाही.

अन्नपदार्थांवरील दाव्यांविषयी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार साखरेच्या ऐवजी वाळवलेल्या फळांची पेस्ट वापरली असेल, तर त्या पदार्थावर ‘साखर घातलेली नाही’ असा दावा करणे बसत नाही. यावरूनच ध्यानात यावे, की अख्खा खजूर आणि बांधणीसाठी वापरलेली खजुराची पेस्ट यांत फरक केला जातो. ‘डेट सिरप’ असे लिहिले असेल, तर तो सरळ पाकच समजावा. त्यात चोथाही उरलेला नसतो.

प्रोटीनचा दावा

वय वाढते तसे स्नायू झडतात, उठताना हात टेकावा लागतो, तोल जातो. म्हणून ज्येष्ठांच्या आहारात प्रथिने हवीत, हे खरेच आहे. मूत्रपिंडे चांगली असलेल्या ज्येष्ठाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे वार्धक्यातील आहाराचे तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलो वजनाच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. मुलांना याची काळजी असते, म्हणूनच ‘हाय प्रोटीन’ लिहिलेला बार घरात येतो.

हा शब्द कोणी लिहावा, याचाही नियम आहे. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या शिफारस केलेल्या प्रथिनांच्या २० टक्के प्रथिने असतील, तर त्याला प्रथिनांनी समृद्ध म्हणता येते. प्रौढ पुरुषासाठी भारतीय शिफारस ५४ ग्रॅमची आहे. तिचे २० टक्के म्हणजे ११ ग्रॅमच्या आतबाहेर. आपल्या नमुना-बारमध्ये १०० ग्रॅमला १२ ग्रॅम प्रथिने आहेत. म्हणजे तो या कसोटीला उतरतो आणि दावा नियमात बसतो. पण कसोटी १०० ग्रॅमची आहे आणि बार ४० ग्रॅमचा. १२ गुणिले ४० भागिले १००, म्हणजे प्रत्यक्ष पोटात जातात ४.८ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. पेलाभर दुधातही तेवढेच. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांतही साधारण तेवढेच. मग दात नसतील तर फुटाण्यांचे पीठ ताकात कालवून घेता येते.

बाजारात याहून खरोखरच अधिक प्रथिने असलेले बारही आहेत, बारमागे १० ते २० ग्रॅम असणारे. त्यांची बांधणी पुष्कळदा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल यांसारख्या साखरेच्या पर्यायांनी केलेली असते, म्हणून साखरेचा आकडा लहान दिसतो. हे पदार्थ आतड्यात पूर्णपणे शोषले जात नाहीत. उरलेला भाग मोठ्या आतड्यात आंबतो आणि पाणी ओढून घेतो. त्यामुळे पोट फुगते, गुरगुरते आणि जुलाब होतात. असे पदार्थ ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक असतील तर ते जुलाब करू शकतात, अशी सूचना वेष्टनावर असते. ज्येष्ठ व्यक्तीला मेटफॉर्मिन चालू असेल, तर त्याने आधीच पोट बिघडलेले असू शकते. तेव्हा नव्याने जुलाब सुरू झाल्यास औषधाला दोष देण्यापूर्वी फडताळातला बारचा डबा तपासावा.

एका आजींचा हिशेब

सत्तरी ओलांडलेल्या एका आजी माझ्याकडे नियमित येतात. त्यांना मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. न्याहारीनंतर दोन तासांची त्यांची साखर एरवी १७०-१८० असे. लागोपाठ दोन तपासण्यांत ती २३० च्या पुढे आली. औषध चुकले नव्हते, ताप-खोकला नव्हता, सणवारही झालेला नव्हता. विचारता विचारता कळले, की दाताच्या दुखण्यामुळे सकाळची भाकरी सुटली होती, आणि सुनेने काळजीपोटी बारचा डबा आणून दिला होता. सकाळी एक चहात बुडवून, दुपारी चारला एक. डब्यावर ‘हाय प्रोटीन’ लिहिलेले होते, आणि ते खरेही होते.

आम्ही दोघींना बसवून कागदावर हिशेब मांडला. बार आपल्या नमुन्यासारखाच होता. दोन बारमध्ये साखर २२ ग्रॅम, म्हणजे चार चमचे. कर्बोदके ४८ ग्रॅम, प्रथिने साडेनऊ ग्रॅम. सुटलेल्या न्याहारीत होती एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. त्यात कर्बोदके जवळजवळ दोन बारइतकीच, सुमारे ५० ग्रॅम, पण प्रथिने बारा ग्रॅमच्या आसपास, तंतू भरपूर आणि वरून घातलेली साखर शून्य. तीही एका बैठकीत हळूहळू चावून खाल्लेली. प्रथिनांसाठी म्हणून आणलेल्या बारमुळे आजींची प्रथिने कमी झाली होती आणि साखर वाढली होती.

औषधाची मात्रा मी वाढवली नाही. वाढवली असती, तर दात बरा होऊन बार सुटल्यावर त्याच मात्रेने साखर धोकादायक रीतीने उतरली असती. दात दाखवायला सांगितले आणि तोवर भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, उसळ मऊ शिजवून घोटून द्यायला सांगितली. दोन आठवड्यांनी न्याहारीनंतरची साखर १७८ आली. प्रत्येकाच्या बाबतीत आकडे असेच बदलतील असे नाही. पण साखर अकारण वाढली असे वाटेल, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातल्या नव्या खाऊचे वेष्टन बरोबर न्यावे, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

आणखी दोन सावधानता

पहिली मूत्रपिंडांच्या रुग्णांसाठी. क्रिअॅटिनिन वाढलेले असेल तर प्रथिने किती घ्यावीत, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे असते. त्याखेरीज खजूर आणि सुकामेवा यांत पोटॅशियम पुष्कळ असते, आणि ते वेष्टनावर बहुधा छापलेले नसते. ज्यांना पोटॅशियम जपायला सांगितले आहे, त्यांनी खजुराचा बार विचारल्यावाचून खाऊ नये.

दुसरी साखर एकाएकी उतरण्याविषयी. शेतावर किंवा फिरायला जाताना ‘साखर कमी झाली तर असावा’ म्हणून अनेकजण खिशात बार ठेवतात. त्या प्रसंगी बार हे चुकीचे साधन आहे. दाणे आणि तेल यांतील स्निग्धांश पोट रिकामे होण्याचा वेग मंदावतो, म्हणून त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. शिवाय हात थरथरत असताना, घाम फुटलेला असताना चिवट वडी चावणे कठीण असते आणि ती घशात अडकू शकते. त्यासाठी खिशात ग्लुकोजची पुडी असावी. पूर्ण शुद्धीवर असलेल्या व्यक्तीला १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर थोड्या पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर अद्याप ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज या गोळ्या चालू असतील, तर साखर नव्हे, ग्लुकोजच हवे, कारण या गोळ्या साधी साखर पचण्यास विलंब लावतात. साखर सावरल्यावर मग काही पोटभरीचे खावे. तेव्हा बार चालेल. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे.

बार हा विषारी पदार्थ नाही. घाटात दिवसभर चालणाऱ्या तरुणाला तो उपयोगी आहे. वजन घटत चाललेल्या, मधुमेह नसलेल्या ज्येष्ठालाही जेवणाशिवाय एखादा खायला हरकत नाही, दात आणि गिळणे ठीक असेल तर. मधुमेहीला खायचाच असेल, तर ज्यात दाणे आणि बिया यादीत पहिल्या आहेत, गोड नाव एकच आहे आणि बारमागे एकूण साखर ५ ग्रॅमच्या आत आहे असा निवडावा. तोही अर्धा खावा, आणि त्या वेळची अर्धी पोळी कमी करावी.

काळजी घेणाऱ्यांना शेवटची एक सूचना. डबा घरी आला, की एकदाच वरचा गुणाकार करावा आणि जाड पेनाने डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे: ‘एका वडीत साखर दोन चमचे, प्रथिने पाऊण पेल्याहून थोड्या जास्त दुधाएवढी.’ बारीक अक्षरे ज्यांना वाचता येत नाहीत, त्यांनाही मग आपण काय खात आहोत ते कळेल, आणि खायचे की नाही हे त्यांचे त्यांना ठरवता येईल.